बाबांच्या खात्याबद्दल बँकेची चार पानी नोटीस आणि मी लिहिलेलं पत्र : तपासून द्याल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी हॅम्बर्गला असतो, आईबाबा मिरजेला. बाबा ७८ वर्षांचे, शाळेतून निवृत्त झालेले. गेल्या आठवड्यात त्यांना बँकेकडून पोस्टाने चार पानी इंग्रजी नोटीस आली. पेन्शन दुसऱ्या बँकेत येते. ही नोटीस त्यांच्या जुन्या बचत खात्याबद्दल आहे. १९९४ साली उघडलेलं खातं, शिल्लक २ लाख १४ हजारांच्या आसपास.

बाबांना इंग्रजी येतं, पण वाक्य सुरू होतं पहिल्या ओळीत आणि क्रियापद सापडतं सातव्या, असा सगळा मजकूर आहे. फोनवर मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "लिहून पाठव. कानानं ऐकलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही." म्हणून पत्र लिहिलंय. शेजारची मुलगी मोठ्या टायपात छापून देणार आहे. पाठवण्यापूर्वी जाणकारांनी एकदा बघावं ही विनंती.

> ती. बाबांना शि. सा. न.
>
> बँकेच्या नोटिशीचा सारांश असा. तुमचं बचत खातं बंद झालं आहे, कारण दोन वर्षांत त्यात व्यवहार नाही. केवायसीचीही मुदत संपली आहे. ३० दिवसांत कागदपत्रं दिली नाहीत तर पैसे रिझर्व्ह बँकेकडे जमा होतील. तिसऱ्या पानावर सर्वसाधारण नियम आहेत, ते सोडून द्या. चौथ्या पानावरचा फॉर्म भरून आधार व पॅनच्या प्रतींसोबत शाखेत द्यायचा आहे. पत्र मिळताच जा, उशीर करू नका.

बाबा मात्र ठाम आहेत : "ठेवीचं व्याज दर तिमाहीला याच खात्यात येतं, मग व्यवहार नाही कसा?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सातारी_पेढा

एवढं कशाला ताणताय? तुमच्या फोनवरून बाबांच्या खात्यात शंभर रुपये टाका. व्यवहार झाला की खातं जागं होतं. माझ्या भावाचं असंच झालं होतं.

मोगरा_ठाणे

पत्र वाचून माझ्याच छातीत धडधडलं. "बंद झालं", "रिझर्व्ह बँकेकडे जमा होतील", "उशीर करू नका". ७८ वर्षांच्या माणसाला रात्री झोप लागेल का? नोटिशीत खरंच असं लिहिलंय का? एकदा परत वाचून सांगा.

सुलभा_मावशी

कृष्णाकाठ, पेन्शन थांबली असेल तर हयातीचा दाखला बघा हो. आमच्या ह्यांचा नोव्हेंबरात द्यायचा राहिला आणि डिसेंबरात पेन्शन आलीच नाही. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, बोटांचे ठसे उमटले नाहीत तरी चालतं.

कृष्णाकाठ

मावशी, पेन्शन सुरळीत आहे, ती दुसऱ्या बँकेत. पण आईला विचारून ठेवतो, दाखला दिलाय ना म्हणून.

मोगरा, परत वाचलं. इंग्रजीत 'इनऑपरेटिव्ह' आहे, त्याला मी 'बंद' लिहिलं. आणि रिझर्व्ह बँकेचं वाक्य दुसऱ्या पानावर आहे, ३० दिवसांचं पहिल्या पानावर. मी दोन्ही एकत्र केली.

जुनी_खतावणी

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ शाखा सांभाळण्यात. अशी पत्रं पाठवलीही आहेत आणि ती हातात घेऊन थरथरत आलेली माणसंही बघितली आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

खातं बंद नाही, निष्क्रिय आहे. या दोन शब्दांत जमीनअस्मानाचा फरक. बंद म्हणजे हिशेब मिटवून पैसे देऊन टाकले. निष्क्रिय म्हणजे पैसे जिथल्या तिथे आहेत, बचतीचं व्याजही पूर्वीसारखंच जमा होत राहतं, फक्त खातेदाराने पुन्हा ओळख पटवेपर्यंत बँक त्यातून पैसे बाहेर जाऊ देत नाही. हे खातेदाराच्याच भल्यासाठी आहे. वर्षानुवर्षं कुणी न बघितलेल्या खात्यांवरच आतले-बाहेरचे चोर डोळा ठेवतात.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ ला याबद्दल सुधारित सूचना काढल्या, त्या १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. त्यानुसार निष्क्रिय खात्याला किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. शाखेत कुणी शुल्क मागितलं तर बाबांनी एवढंच विचारावं, "हे कुठे लिहिलंय ते दाखवता का?"

रिझर्व्ह बँकेकडे पैसे जातात ते दहा वर्षं कुणीच हात न लावलेल्या खात्यांचे. ठेवीदारांसाठी वेगळा निधी आहे, त्यात. तिथे गेले तरी खातेदाराचा हक्क जात नाही. बँकेकडे मागायचे, बँक देते. तुमच्या बाबांच्या बाबतीत तो विषयच नाही. दोन वर्षं आणि दहा वर्षं यांची गल्लत झाली आहे.

आता एक काम करा. बाबांना पासबुक भरून आणायला सांगा आणि शेवटच्या नोंदीपासून मागे वाचायला सांगा. बँकेने स्वतः केलेल्या नोंदी, म्हणजे बचतीचं व्याज, एसएमएसचे पैसे, कार्डाचे पैसे, खोडत जायच्या. पहिली न खोडता येणारी नोंद सापडली की तिथून दोन वर्षं मोजायची. ठेवीचं व्याज बाबांच्या सूचनेवरून या खात्यात येत असेल तर ती खातेदाराचीच नोंद धरतात, आणि मग खातं निष्क्रिय व्हायलाच नको होतं. त्यामुळे बाबांचा मुद्दा उडवून लावू नका.

वऱ्हाडी_ठेचा

खतावणी काका, तुम्ही आमच्या अकोल्याच्या शाखेत असते तर माह्या आज्याचे चार चकरा वाचले असते ना!

सातारी_पेढा

काका, पण माझ्या भावाचं शंभर रुपयांत झालं होतं, ते कसं?

जुनी_खतावणी

पेढा, तुमच्या भावाचं खातं बहुधा दोन वर्षं पुरी व्हायच्या आधीचं असणार. वर्षभर व्यवहार नसेल तर बँकेने कळवायचं असतं, तसं पत्र आलं असेल. त्या वेळी शंभर रुपये भरले तरी काम होतं, कारण मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एकदा निष्क्रियचा शिक्का बसला की मात्र केवायसी नव्याने दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पैसे आत जातील, बाहेर यायचे नाहीत.

कृष्णाकाठ

काका, मनापासून आभार. काल बाबांनी पासबुक भरून आणलं. आईने व्हिडिओ कॉल लावला. बाबा लाल पेन्सिल घेऊन टेबलाशी बसलेले, शाळेत पेपर तपासायचे तसेच. प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवायची, "व्याज, बँकेचं" म्हणायचं आणि रेघ मारायची. सगळ्या ओळी खोडत खोडत ११ ऑक्टोबर २०२३ ला थांबले. त्या दिवशी घराच्या रंगासाठी ४० हजार काढले होते. त्यानंतर सगळं बँकेचंच.

मग ठेवीचं व्याज कुठे गेलं? पावती काढून बघितली. २०२२ साली ठेवीची मुदत संपली तेव्हा नवी पावती पाच वर्षांची, व्याज मुदतीच्या शेवटी मुद्दलासह, अशी करून दिली होती. दर तिमाहीचं व्याज तेव्हापासून ठेवीतच साठतंय. बाबांनी सही केली होती, पण फरक कुणी बोलून दाखवला नव्हता. पट्टी खाली ठेवून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बँक बरोबर आहे." पैसे गेलेले नाहीत एवढं कळल्यावर त्यांना बरं वाटलं.

मोगरा_ठाणे

पट्टी ठेवून वाचणारे बाबा! डोळ्यांसमोर उभे राहिले.

माझा अनुभव सांगते, पत्राच्या दृष्टीने. माझे वडील तहसील कचेरीत होते. त्यांना मी असाच एकदा विम्याच्या कागदाचा सारांश लिहून दिला. रागावले. "तुला महत्त्वाचं काय वाटलं ते दिलंस. मूळ कागदात काय आहे ते कुठंय?" तेव्हापासून मी सारांशाच्या प्रत्येक वाक्यापुढे मूळ कागदाचं पान आणि परिच्छेद लिहिते. म्हणजे त्यांना हवं तर ते ताडून बघतात. ताडून बघतातच. दोनदा माझी चूक काढली आहे त्यांनी.

तुमच्या पत्रात "तिसरं पान सोडून द्या" आहे, ते मला खटकलं. काय आहे तिसऱ्या पानावर?

कृष्णाकाठ

नाव, पत्ता, व्यवसाय, मोबाईल, 'सर्व खातेदारांच्या निवासी स्थितीत बदल असल्यास कळवणे', वारसनोंदणी. असंच सगळं. आमच्या बाबतीत काही बदललेलं नाही म्हणून सोडलं.

बाकी एक : बाबांना त्याच आठवड्यात एक एसएमएसही आला होता. "आपले खाते आज रात्री बंद होईल, केवायसीसाठी खालील लिंक" असा. त्यांनी दाबला नाही. तो याच नोटिशीचा भाग असावा का?

पेणचा_गणू

अजिबात दाबू नका!! माझ्या मावशीचे ६३ हजार अशाच लिंकवरून गेले. लगेच १९३० ला फोन केला म्हणून थोडे अडवता आले, बाकीचे गेले ते गेलेच. आणि बँकांची संकेतस्थळं आता `.bank.in` ने संपतात, लिंकमध्ये दुसरं काही दिसलं की समजून जायचं.

टोरांटोकर

थांबा. "सर्व खातेदारांच्या निवासी स्थितीत". सर्व म्हणजे? खात्यावर आणखी कुणाचं नाव आहे का?

कृष्णाकाठ

हो, दुसरं नाव माझं आहे. २००६ साली मी पुण्याला शिकायला होतो तेव्हा बाबांनी लावलं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' या पद्धतीने. पण मी ते खातं कधी वापरलेलं नाही. पैसे सगळे बाबांचे.

टोरांटोकर

मग काहीच बदललं नाही कसं म्हणता? तुम्ही अनिवासी झालात ना! मला याच कारणावरून बँकेने सहा महिने नाचवलं. अनिवासी भारतीयाचं नाव असलेलं साधं बचत खातं चालतच नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं रुपयांतलं खातं, करावं लागतं. तिसरं पान हेच या नोटिशीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे आणि तुम्ही तेच बाबांना सोडून द्यायला सांगितलंत.

जुनी_खतावणी

टोरांटोकरांनी नेमकं बोट ठेवलं. मीही हे विचारायला हवं होतं. पण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

तुमचं स्वतःचं, एकट्याचं बचत खातं असतं तर एनआरओ करणं भाग होतं. टोरांटोकरांचं तसंच असणार. इथे पहिले खातेदार बाबा आहेत आणि ते इथेच राहतात. निवासी व्यक्तीला आपल्या बचत खात्यावर परदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव ठेवता येतं, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीनेही. रिझर्व्ह बँकेने तशी मुभा दिलेली आहे. खातं निवासीच राहतं. पण त्याला अटी आहेत आणि त्या दोघांनाही माहीत हव्यात.

पहिली अट, तुमचे स्वतःचे पैसे या खात्यात येता कामा नयेत. पगारातले नाहीत, हॅम्बर्गहून पाठवलेलेही नाहीत. दुसरी, तुम्ही खातं चालवलंत तर ते बाबांच्या वतीने, त्यांच्या इथल्या खर्चासाठी. तुमचा त्यात हक्काचा वाटा तयार होता कामा नये. आणि कधीकाळी तुम्ही एकटेच उरलात तर त्या वेळी ते एनआरओ होईल, आणि ते बँकेला कळवण्याची जबाबदारी तुमची. हे वाक्य लिहायला जड जातंय, पण वेळेवर माहीत असलेलं बरं.

पेढा, तुमचा शंभर रुपयांचा उपाय इथे दुसऱ्या कारणानेही चालत नाही, हे आता लक्षात आलं असेल.

सातारी_पेढा

आलं काका. मी "तुमच्या फोनवरून" असं छातीठोक लिहून बसलो होतो. कृष्णाकाठ, टाकले नाहीत ना?

कृष्णाकाठ

नाही टाकले. पण खरं सांगतो, मागच्या दिवाळीत आईबाबांना पैसे पाठवताना हेच खातं निवडणार होतो. आईने पेन्शनचं खातं सांगितलं म्हणून वाचलो.

तिसरं पान मी बाबांच्या डोळ्यांनी वाचत होतो. त्यात माझ्याबद्दल काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

मोगरा_ठाणे

मोबाईलचा प्रश्न राहिला. खतावणी काका, बँकेने नोटीस देण्याआधी एसएमएस पाठवायला हवे होते ना? बाबांना ते आले का? आणि लिंकवाला तेवढा का आला?

जुनी_खतावणी

चांगला प्रश्न. कृष्णाकाठ, नोटिशीच्या शेवटी किंवा फॉर्मवर नोंदणीकृत मोबाईलचे शेवटचे दोन-तीन आकडे छापलेले असतील. ते बाबांचेच आहेत का बघा.

कृष्णाकाठ

बघितलं. चौथ्या पानावर फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक टायपात आहेत. ते बाबांचे नाहीत. तो माझा पुण्यातला जुना नंबर आहे, २०१४ पासून बंद. बाबांचा नंबर बँकेकडे नाहीच!

म्हणजे बँकेने जे काही एसएमएस पाठवले असतील ते त्या नंबरवर गेले. आणि बाबांच्या फोनवर आलेला एसएमएस या बँकेचा असणं शक्यच नाही.

पेणचा_गणू

आणि तो जुना नंबर कंपनीने आतापर्यंत दुसऱ्या कुणाला दिला असेल. तुमच्या बाबांच्या खात्याचे मेसेज कुणी अनोळखी माणूस वाचतोय. हे आधी बदला.

सुलभा_मावशी

अगं बाई! आमचाही नंबर मुलाचाच दिलाय बँकेत. उद्याच जाते.

वऱ्हाडी_ठेचा

मावशी, जाताना पासबुक अन् लाल पेन्सिलही न्या.

टोरांटोकर

काका, माझं खातं माझ्या एकट्याचंच होतं, ते बरोबर. पण माझ्या बहिणीचं आईबरोबर संयुक्त आहे, तिलाही शाखेने एनआरओच सांगितलं होतं. मग नियम एक आणि शाखेत दुसरं, याला काय करायचं?

जुनी_खतावणी

असं घडतं, खोटं कशाला सांगू. काउंटरवरच्या मुलाने असं खातं वर्षात एखादं बघितलेलं असतं. तोंडी वाद घालू नये. "संयुक्त खात्यात दुसरे खातेदार अनिवासी जवळचे नातेवाईक आहेत, खाते निवासीच ठेवायचे आहे, लागणारे घोषणापत्र द्यावे" असा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. नकार द्यायचा तर लेखी मागावा. पोच मागितली की कागद आपोआप वरच्या माणसाकडे जातो. तरी बँकेच्या स्वतःच्या पद्धती थोड्या वेगळ्या असू शकतात. काही जण सरळ दुसरं नाव कमी करून बाहेरच्या मुलाला वारस म्हणून नोंदवतात. तेही वाईट नाही.

मोगरा_ठाणे

पण नाव कमी केलं तर बाबा आजारी पडल्यावर पैसे कोण काढणार? आईचं नाव दुसरं लावता येईल ना? ती तिथेच आहे. माझ्या मते हेच सगळ्यात सोपं.

टोरांटोकर

आईचं नाव, आणि मुलगा वारस. मला पटतंय. घोषणापत्राच्या मागे कोण लागणार?

जुनी_खतावणी

हे त्यांचं त्यांनी ठरवावं. माझं मत असं की बाबांना शाखेत जायला जड जात असेल तर आईचं नाव हवंच. मुलाचं ठेवायचं की नाही हा त्यानंतरचा प्रश्न.

कृष्णाकाठ

रात्री बसून पत्र नव्याने लिहिलं. मोगराताईंचं ऐकून पानं आणि परिच्छेद घातले आहेत.

> ती. बाबांना शि. सा. न.
>
> बँकेची नोटीस तीनदा वाचली. आधी हे सांगतो की पैसे सुरक्षित आहेत आणि व्याज चालू आहे. खातं बंद झालेलं नाही.
>
> (पान १, परिच्छेद १) ११ ऑक्टोबर २०२३ नंतर तुम्ही स्वतः काही भरलं किंवा काढलं नाही, म्हणून खातं निष्क्रिय केलं आहे. ही तारीख तुम्हीच काढलीत, बँकेचीही तीच आहे. केवायसी नव्याने देईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत एवढाच परिणाम.
>
> (पान १, परिच्छेद ४) केवायसी नव्याने द्यायची आहे. बँकेने ३० दिवस दिले आहेत, म्हणजे १९ फेब्रुवारीपर्यंत. एवढ्या दिवसांत सवडीने, ऊन उतरल्यावर किंवा सकाळी जा. मूळ आधार आणि पॅन सोबत न्या, प्रती तिथे द्या, मूळ परत घ्या.
>
> (पान २, परिच्छेद २) रिझर्व्ह बँकेच्या निधीचा उल्लेख दहा वर्षं पडून असलेल्या खात्यांसाठी आहे. आपल्याला लागू नाही.
>
> (पान ३, परिच्छेद ५) हे मी आधी सोडून द्या म्हणालो होतो, ते चुकलं. मी परदेशात राहतो हे बँकेला सांगितलेलं नाही, ते सांगायचं आहे. त्याचा अर्ज मी वेगळा लिहून पाठवला आहे, दोन प्रती. एकीवर शिक्का घ्या. माझं नाव ठेवायचं की आईचं लावायचं, ते तुम्ही आणि आई ठरवा. पैसे तुमचे आहेत.
>
> (पान ४, उजवा कोपरा, बारीक टाईप) बँकेकडे माझा जुना नंबर आहे. फॉर्मवर तुमचा लिहा. तुम्हाला आलेला लिंकचा एसएमएस बँकेचा नाही, कारण बँकेला तुमचा नंबर माहीतच नाही. तो पुसून टाका. फोनवर कुणी आकडे विचारले तर सांगू नका, मी विचारतोय असं कुणी म्हणालं तरी.
>
> मूळ नोटीस या पत्राला टाचून ठेवा. काही जुळत नसेल तर पेन्सिलीने खूण करून फोटो पाठवा.

मोगरा_ठाणे

आता हे पत्र वाचून मला झोप लागेल.

जुनी_खतावणी

उत्तम. एकच भर घाला. खातं सुरू झालं की बाबांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने थोडी रक्कम काढावी किंवा भरावी. खरंच सुरू झालंय का, ते तेव्हाच कळतं. आणि सही. १९९४ ची सही आणि आजची सही जुळेल का?

कृष्णाकाठ

(दहा दिवसांनी)

उशिरा लिहितोय, माफ करा. काकांनी सहीबद्दल विचारलं होतं, तिथेच अडलं.

बाबा शेजारच्या मुलीबरोबर गेले. कागद बघून मुलीने एक तासात काम होईल म्हटलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर जुनी सही काढली. ती ठसठशीत, शेवटी खाली ओढलेली लांब रेघ असलेली, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाची. आता बाबांचा हात थरथरतो, रेघ मध्येच तुटते. तीनदा केली, तीनदा जुळली नाही. बाबा म्हणाले, "बाई, तीस वर्षांनी हातही निवृत्त झाला." मग अधिकाऱ्यांनी आत बोलावून बसवलं, आधार आणि फोटो बघून ओळख पटवली, नव्या सहीचा नमुना घेतला. पासबुकावर फोटो होता त्याचा उपयोग झाला. शुल्क कुणी मागितलं नाही.

खातं तिसऱ्या दिवशी सुरू झालं. एसएमएस बाबांच्या फोनवर आला. त्यांनी तो आधी खोटाच समजून पुसायला घेतला, आईने थांबवलं आणि मला दाखवला. लिंक नव्हती. मग परवा जाऊन ५०० रुपये काढून आले आणि त्यातल्या दोनशेची फुलं घेतली आईला.

अर्जाचं मात्र अडकलंय. शाखेत म्हणाले की मुलगा परदेशी असेल तर एनआरओ करा. बाबांनी पोच मागितली. शिक्का मिळाला, उत्तर अजून नाही.

टोरांटोकर

सांगितलं होतं मी.

जुनी_खतावणी

पोच मिळाली हे मोठं काम झालं. पंधरा दिवस वाट बघा, मग त्याच प्रतीचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. उत्तर आलं की इथे जसंच्या तसं टाका, मलाही बघायचंय काय लिहितात ते.

कृष्णाकाठ

टाकतो काका. दरम्यान बाबांनी पत्राचा फोटो पाठवलाय. पान ३ च्या माझ्या परिच्छेदाशी लाल पेन्सिलीने खूण केलीय आणि समासात लिहिलंय, "आईचं नाव लावू. तुझंही राहू दे. वारसाच्या रकान्यात आता चार नावं लिहिता येतात असं बाई म्हणाल्या, मग ताईचंही घालू का? टक्के कसे लिहायचे ते विचारून कळव."

१ नोव्हेंबर २०२५ पासून चार वारसांची सोय झाली आहे हे वाचलंय. टक्के लिहिताना कुणी फॉर्म भरला आहे का?

सुलभा_मावशी

मी भरला परवाच, नंबर बदलायला गेले तेव्हा. एकदम चौघांना द्यायचे असतील तर प्रत्येकापुढे टक्के लिहायचे आणि बेरीज बरोबर शंभर यायला हवी. मी तिघांना ३३, ३३, ३३ लिहिलं, तर त्यांनी परत दिला. एक टक्का कुणाला द्यायचा यावर घरी अजून चर्चा चालू आहे.